मन्या, ते १५६० रुपये...

मित्राकडे पैसे मागायचे म्हणजे आधी दहा मिनिटं "काय रे, कसा आहेस, काकू बऱ्या आहेत ना" टाइप करायचं आणि मग सगळं खोडायचं, कारण समोरच्यालाही कळतंच की एवढी चौकशी कशासाठी चाललीये.

पूर्वी यूपीआयवर थेट पैशांची रिक्वेस्ट टाकता यायची, पण त्यावरून फसवणूक फार व्हायला लागली म्हणून एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतली ती सोय बंद केली. बरंच झालं म्हणा, मित्राच्या फोनवर वीजबिलासारखी मागणी जाऊन पडायची. आता आपलं आपणच लिहायचं.

आमचं डिसेंबरमधलं दिवेआगर. चौघांची रूम ७२०० ची, भरली मी. मन्याचा हिस्सा १८०० आणि सकाळचे पोहे-चहाचे ९६० त्याने दिलेले, म्हणजे माझे २४० त्यातून वजा. हे वजा आपणहून करायचं हं, नाहीतर "आणि पोह्यांचं काय" असा रिप्लाय येतो आणि मग सगळी ट्रिपच हिशोबाला बसते.

खरी गंमत एंट्रीत आहे. ॲपमध्ये होमस्टेचं नाव दिसतच नाही, मालकाचं बँकेतलं नाव दिसतं, त्यामुळे नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर मन्या विचारणार हे काका कोण. शिवाय पैसे दोनदा गेलेत, ॲडव्हान्स ६ तारखेला आणि बाकीचे २० तारखेला पोचल्यावर, आणि सगळ्यांच्या डोक्यात तारीख एकच, २०. मग ५००० ची एंट्री बघून तो चारने भागणार, १२५० म्हणणार आणि मी जास्त मागतोय असं त्याला वाटणार, त्याच्या जागी मलाही वाटलं असतं. ते बारा आकडी यूपीआय नंबर बँकेत तक्रार करायला लागतात, मित्राला पाठवले की तक्रारच वाटते, म्हणून ते आणि खात्याचे शेवटचे आकडे क्रॉप केले.

मेसेज ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला आणि पगार झाल्यावर:

"मन्या, दिवेआगरच्या रूमचं राहिलंय बघ. ६ डिसेंबर २२०० आणि २० डिसेंबर ५००० असे दोनदा गेलेत, दोन्ही एंट्री खाली टाकल्यात, नाव मालकांचं आहे. चौघांत १८००, तुझ्या पोह्यांतले माझे २४० वजा करून १५६०. माझं काही चुकत असेल तर सांग, सवडीने टाक."

"सवडीने" लिहिताना जीवावर आलं, पण "लवकर" लिहिलं असतं तर भांडण.

चार मिनिटांत पैसे आले. १८००. म्हणजे पठ्ठ्याने मेसेज "१८००" पर्यंतच वाचला. मी लगेच २४० परत पाठवले, नोटमध्ये "पोहे" लिहून, तर त्याचा मेसेज, "हे कसले रे?"