डेनियरवरून टेक्सकडे: दुहेरी बाण्याच्या कापडाची नोंद

मागावर पुढे घ्यायचं कापड ठरलं आहे: पॉलिएस्टर, साधी वीण, एकेरी ताणा आणि दुहेरी बाणा. स्पेसिफिकेशन जुन्या पद्धतीचं आहे, सगळे आकडे डेनियरमध्ये. माझ्या बाकीच्या नोंदी टेक्समध्ये असल्याने आधी ते बदलून घेतलं. नुसतं नऊने भागायचं काम नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

कागदावर एवढंच आहे: ताणा १५०/४८, सेंटीमीटरला ३० तार. बाणा तोच धागा, दोन पदरी पीळ देऊन, सेंटीमीटरला २२ तार. धाग्याची ताकद ४ ग्रॅम प्रति डेनियर. तयार कापडाचं वजन चौरस मीटरला साधारण १३० ग्रॅम.

मूळ हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, टेक्स म्हणजे १००० मीटरचं. त्यामुळे १५० भागिले ९, म्हणजे १६.६७ टेक्स. कृत्रिम धाग्याच्या कोनवर मात्र बहुतेक वेळा डेसीटेक्स छापलेलं असतं, म्हणजे १०,००० मीटरचं वजन. तिथे हाच धागा `167 dtex f48` असा दिसतो. ४८ हा आकडा बदलायचा नाही, ती फिलामेंटची संख्या आहे. १५०/४८ मधली तिरकी रेघ बघून काही जण १५० ला ४८ ने भागतात. त्यातून येणारं ३.१ डेनियर हे एका फिलामेंटचं माप आहे, धाग्याचं नव्हे. कापड हाताला किती मऊ लागेल याचा अंदाज त्यावरून येतो, वजनाच्या हिशेबात ते येत नाही.

खरा धोका टेक्स आणि डेसीटेक्सच्या गोंधळात नाही. तिथे दहापटीचा फरक पडतो आणि तो लगेच डोळ्यांत भरतो. धोका डेनियर आणि डेसीटेक्स एकच मानण्यात आहे. दोन्ही आकडे दिसायला जवळचे, १५० आणि १६७. कोणी १५० डेनियरच्या जागी १५० डेसीटेक्सचा कोन घेतला, तर धागा दहा टक्के बारीक येतो. हातात धरून तो फरक कळत नाही. मागावरही कळत नाही, कारण वीण बसते आणि तार मोजले तर बरोबर भरतात. कळतो तो कापड वजनावर ठेवल्यावर.

म्हणूनच बदललेला आकडा मी नेहमी कापडाच्या वजनावरून उलटा तपासतो, आणि इथे टेक्स फार सोयीचं पडतं. सेंटीमीटरला ३० तार म्हणजे एक मीटर रुंदीत ३००० तार, म्हणजे चौरस मीटरमध्ये ३००० मीटर ताणा. १००० मीटरचं वजन १६.६७ ग्रॅम असेल, तर ३००० मीटरचं ५० ग्रॅम. थोडक्यात, सेंटीमीटरमधले तार गुणिले टेक्स, भागिले दहा. डेनियरमध्ये हाच हिशेब करायचा तर ९००० मध्येच घुसतो.

बाण्याला जरा थांबावं लागलं. दोन पदर म्हणजे ३०० डेनियर, म्हणजे ३३.३ टेक्स. पण पीळ दिला की धागा आखूड होतो, आणि तेवढंच वजन कमी लांबीत बसल्याने माप वाढतं. या पिळाला आखूडपणा सुमारे ३ टक्के धरला, तर तयार बाणा ३४.३ टेक्स होतो. टेक्सच्या पद्धतीत अशा अंतिम मापाआधी `R` लिहितात, म्हणून माझ्या कागदावर आता `R 34.3 tex` आहे. ते `R` नसेल, तर आकडा पिळाआधीचा की नंतरचा हे पुढच्या माणसाला कळायला मार्ग उरत नाही. डेनियरच्या जुन्या कागदांवर नेमकी हीच बाब मोघम असते. आकडे शेवटीच पूर्णांकात आणले. १६.६७ चे आधीच १७ केले असते, तर दोन पदरांत ३४ झाले असते आणि पिळाचा सगळा परिणाम त्या गोळाबेरजेतच बुडाला असता.

आता वजन. ताण्याचे ५० ग्रॅम. विणीत ताणा वरखाली वळत जातो, म्हणून त्याला ६ टक्के जास्त धागा धरला: ५३. बाणा २२ गुणिले ३४.३ भागिले १०, म्हणजे साडेपंचाहत्तर; त्यावर ३ टक्के धरले: सुमारे ७८. बेरीज १३१ ग्रॅम. कागद १३० म्हणतो, म्हणजे १५० हे खरोखरच डेनियर आहे आणि बाणा खरोखरच दोन पदरी आहे. तेच १५० डेसीटेक्स धरून हिशेब केला, तर वजन ११८ च्या आसपास येतं. हे १२-१३ ग्रॅमचं अंतर ६ आणि ३ टक्क्यांच्या अंदाजातल्या चुकीने भरून निघत नाही, म्हणून या तपासणीवर भरवसा ठेवता येतो.

त्यानंतर कोनवरचा धागा प्रत्यक्ष तोलला. १०० मीटरची लडी घेतली, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर १.७१ ग्रॅम भरली. म्हणजे १७.१ टेक्स, डेनियरमध्ये १५४. अडीच टक्के जास्त. हा टेक्स्चर्ड धागा आहे, त्यात कुरळेपणा असतो. लडी सैल गुंडाळली तर कुरळेपणा मोडत नाही, मीटर भरायला जास्त धागा जातो आणि माप जड येतं. शिवाय त्याच्यावर तेलाचा हात असतो, त्याचंही वजन काट्यावर येतं. लडी जरा जास्त ताण देऊन पुन्हा गुंडाळली, तेव्हा १.६८ भरली. सूत १६७ डेसीटेक्सचंच आहे, आता शंका नाही. तोलताना ताण किती ठेवला हे आकड्याच्या शेजारी लिहून ठेवा. टेक्स्चर्ड धाग्यात ताणाशिवायचं माप फारसं उपयोगाचं नाही.

एक गोष्ट राहिली होती, आणि बरेच जण ती विसरतात: ताकद. डेनियरचा टेक्स करताना जाडीच्या आकड्याला भागायचं, पण ताकद ‘प्रति डेनियर’ असल्याने ती उलट्या दिशेने जाते. शिवाय ग्रॅमबलाचे सेंटीन्यूटन करायचे, म्हणून गुणक ८.८३. ४ ग्रॅम प्रति डेनियर म्हणजे ३५.३ सेंटीन्यूटन प्रति टेक्स. खात्री करायची असेल तर एका धाग्याचं तुटण्याचं बल दोन्हीकडून काढा. १५० गुणिले ४, म्हणजे ६०० ग्रॅमबल, साधारण ५.९ न्यूटन. १६.६७ गुणिले ३५.३, म्हणजे ५८८ सेंटीन्यूटन, पुन्हा ५.९ न्यूटन. धागा तोच असल्याने दोन्ही उत्तरं जुळलीच पाहिजेत.

बदललेल्या कागदावर मूळ डेनियरचे आकडे तसेच ठेवले आहेत, टेक्सच्या शेजारच्या रकान्यात. बाण्याचे दोन पदर पिळायला लावले आहेत. पिळानंतर लडी तोलून ३ टक्क्यांचा अंदाज कितपत खरा ठरला ते पुढच्या नोंदीत लिहीन. बाणा ३५ टेक्सच्या वर गेला, तर सेंटीमीटरला २१ तारच ठेवीन.