एकवीस थेंब, पण कोणत्या सेटचे?

दुपारी दोनला हँडओव्हर घेऊन मी मेडिकल वॉर्डात फिरत असताना एका आजोबांच्या सलाईनच्या बाटलीपाशी थबकले. हृदय कमजोर असल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना ५०० मिली नॉर्मल सलाईन आठ तासांत, सावकाश द्यायला सांगितले होते. बारा वाजता लावलेल्या बाटलीत दोन वाजता ३७५ मिली उरायला हवे होते; पातळी मात्र ३३० च्या जवळ आली होती.

घड्याळ समोर धरून मी पूर्ण मिनिटभर ड्रिप चेंबरमधले थेंब मोजले. ते एकवीस भरले आणि चार्टवरही एकवीसच लिहिलेले होते. एकूण मिलींना सलाईनच्या नळीच्या सेटच्या ड्रॉप फॅक्टरने, म्हणजे एका मिलीत जितके थेंब होतात त्या संख्येने, गुणून मिनिटांनी भागायचे, या हिशोबाने तो आकडा आला होता. आमच्या वॉर्डात नेहमी २० थेंबांचा सेट असे आणि आठ तासांची मिनिटे ४८० होतात.

(५०० × २०) ÷ ४८० = २०.८, म्हणजे २१

गणित बरोबर होते, मग सलाईन जास्त का गेले? ट्रेमध्ये सेटचे रिकामे पाकीट पडले होते. त्यावर एका मिलीला १५ थेंब असे छापलेले होते. स्टोअरमधून त्या दिवशी दुसऱ्या प्रकारचे सेट आले होते. या सेटचा थेंब मोठा असल्यामुळे एकवीस थेंबांत मिनिटाला १.४ मिली, म्हणजे तासाला ६२.५ ऐवजी ८४ मिली जात होते आणि बाटली सहा तासांतच संपली असती. पहिल्यापासून १६ थेंब ठेवायला हवे होते.

नळीवरचा रोलर आवळून मी गती कमी केली आणि डॉक्टरांना बोलावले. छाती तपासून, धाप किंवा घरघर नसल्याची खात्री करून त्यांनी उरलेले सलाईन उरलेल्या सहा तासांत द्यायला सांगितले.

(३३० × १५) ÷ ३६० = १३.७५, म्हणजे १४

लहान मुलांच्या मायक्रो सेटमध्ये ही कसरत करावी लागत नाही. तिथे एका मिलीचे ६० थेंब होतात आणि तासाची मिनिटेही ६० असतात, त्यामुळे तासाला ४० मिली द्यायचे असतील तर मिनिटाला ४० थेंबच येतात. मात्र हा आकडा चुकून मोठ्यांच्या २० च्या सेटवर लावला, तर तासाला १२० मिली जातात.

गती एकदा लावली की ती तशीच राहते, असे मात्र नाही. पंधरा मिनिटांनी पाहिले, तर आजोबांनी कोपर दुमडले होते आणि थेंब दहावर आले होते. अशा वेळी रोलर सैल केला, तर हात सरळ होताच सलाईन धावते. म्हणून मी आधी हात सरळ करून उशीवर ठेवला आणि मग पुन्हा मोजले. थेंब चौदावर आले. चार वाजता पातळी २२० च्या आसपास होती.