भाषांतर बरोबर, तरी प्रश्न सारखे नाहीत : द्विभाषिक प्रश्नपत्रिकेचा माझा अनुभव

ठाण्यातल्या काही शाळा मिळून आठवीची सामाईक विज्ञान चाचणी घेतात. मराठी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं तीच पत्रिका आपापल्या भाषेत सोडवतात आणि गुणांची यादी एकच लागते. यंदा तपासणीचं काम माझ्याकडे होतं. प्रश्न गोळा करणं, टायपिंग, चित्रं हे सगळं वेळेत झालं. अडलं ते मंजुरीच्या फॉर्मपाशी. त्यात एकच रकाना होता : भाषांतर बरोबर आहे का, हो किंवा नाही.

ज्या प्रश्नावरून हे सगळं झालं तो असा. वनस्पतींच्या पानांमधून पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकलं जातं, त्या क्रियेला काय म्हणतात? पर्याय : श्वसन, बाष्पोत्सर्जन, परागीभवन, प्रकाशसंश्लेषण. धडा न वाचलेलं मूलही इथे उत्तर देईल. बाष्प म्हणजे वाफ, उत्सर्जन म्हणजे बाहेर टाकणं. प्रश्नातच उत्तर आलं. इंग्रजी पत्रिकेत मात्र रेस्पिरेशन, ट्रान्स्पिरेशन, पॉलिनेशन, फोटोसिंथेसिस. पाठ नसेल त्याला नावावरून काही सुचत नाही, वर पहिली दोन कानाला सारखीच लागतात.

समन्वयक मॅडमनी तो प्रश्न उलट भाषांतराला पाठवला, म्हणजे मराठीचं पुन्हा इंग्रजी करून मूळ मजकुराशी ताडून पाहिलं. अर्थातच तंतोतंत जुळलं. ‘‘सर, शब्द पाठ्यपुस्तकातलेच आहेत, सही करा ना,’’ त्या म्हणाल्या. मी केली नाही. उलट भाषांतरातून अर्थ जुळतो की नाही एवढंच कळतं. उत्तर कुठल्या भाषेत आपोआप फुटतं ते कळत नाही. हे पटवण्यात जेवढा वेळ गेला त्याच्या निम्म्यात पत्रिका छापून झाली असती, आणि त्याचा राग अजून आहे.

शेवटी वाद सोडून सराव चाचणीचे पेपर मागवले. दोन माध्यमांचे नुसते सरासरी गुण ताडून उपयोग नसतो, कारण एखादा वर्गच हुशार असू शकतो. म्हणून वीस गुणांच्या पेपरांचे आधी एकूण गुणांवरून तीन गठ्ठे केले : सातपर्यंत, आठ ते तेरा आणि त्यावरचे. मग एकेका गठ्ठ्यात या प्रश्नाचं उत्तर दोन्ही माध्यमांत किती जणांचं बरोबर आलं ते मोजलं. वरच्या गठ्ठ्यात फरक नव्हता. खालच्या गठ्ठ्यात मराठीतली बहुतेक मुलं बरोबर होती आणि इंग्रजीतली रेस्पिरेशनवर घसरली होती. एकूण गुण सारखे असलेल्या मुलांत एकाच प्रश्नावर असा फरक पडला, की संशय प्रश्नावर घ्यावा. एका गठ्ठ्यात पाच-सहाच पेपर असतील तर यावरून काही ठरवू नये. तक्ता बघून मॅडम म्हणाल्या, ‘‘मग बदला.’’ फार बरं वाटलं.

सोपा मराठी शब्द अवघड करणं हा उपाय नव्हे. आम्ही नाव विचारणंच सोडलं. नवा प्रश्न असा. कुंडीतल्या रोपाच्या पानं असलेल्या एका फांदीवर आणि पानं काढलेल्या दुसऱ्या फांदीवर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधून रोप उन्हात ठेवलं. काही तासांनी पहिल्या पिशवीत पाण्याचे बरेच थेंब दिसले, दुसरीत जवळजवळ नाहीत. पहिल्या पिशवीतलं बहुतेक पाणी कुठून आलं? पर्याय : पिशवीतल्या हवेतून, पानांमधून, कुंडीतल्या मातीतून, फांदीच्या सालीतून. हे चारही शब्द दोन्ही भाषांत रोजचे आहेत, त्यामुळे नाव इथे काही फोडत नाही. प्रश्न वाचायला लांब झाला, आणि संज्ञा माहीत आहे का हे त्यातून कळत नाही; तेवढं सोडावं लागलं. संज्ञाच तपासायची असेल तर तो प्रश्न त्या-त्या माध्यमाच्या अंतर्गत परीक्षेत ठेवावा, एका यादीत नको.

क्रियापदाकडेही बघा, हे आधी सांगायला हवं होतं. ‘‘____ शरीराच्या हालचालींवर नियंत्रण ठेवतो’’ आणि पर्याय हृदय, मेंदू, यकृत, त्वचा. ‘ठेवतो’ एकट्या मेंदूलाच लागू पडतं, मराठी मूल व्याकरणावरून उत्तर काढतं. इंग्रजीत ही सोय नाही. ‘‘हे काम कोणत्या अवयवाचं आहे?’’ असं विचारलं की चारही पर्याय वाक्यात बसतात.

पर्यायांचा क्रम दोन्ही पत्रिकांत एकच ठेवा. इंग्रजीत वर्णानुक्रमे आणि मराठीत वेगळा लावला तर उत्तरसूची दोन होतात आणि तपासणारे गोंधळतात.

फॉर्ममध्ये मी पेनाने दुसरा रकाना आखून दिला आहे : उत्तर एखाद्या भाषेत नावावरून किंवा व्याकरणावरून फुटतं का? पुढच्या चाचणीला तो छापून येईल असं मॅडमनी सांगितलंय. नाही आला तर मी पुन्हा सही करणार नाही.