३१ मार्चनंतर

इंदूर, १२ मार्च, रात्र

आज दुपारी संचालक मंडळाकडे राजीनाम्याचं पत्र दिलं. ३१ मार्चच्या संध्याकाळपासून मी कंपनीची व्यवस्थापकीय संचालक नसेन, संचालकही नसेन. लोकमान्य नगरातल्या स्वयंपाकघरात २००४ साली दोन किलो मेतकुटापासून जे सुरू झालं, ते आता सांवेर रोडवरच्या कारखान्यात तेवीस माणसं चालवतात. ती चालवत राहतील. हे उद्या सगळ्यांना सांगायचं आहेच, पण आधी इथे लिहून ठेवते. आमच्या माणसांनी आणि गिऱ्हाइकांनीही हे वाचावं, म्हणून काही लपवत नाही.

कारण आधी सांगते, नाहीतर लोक उगाच काहीतरी तर्क करतील. कंपनी विकलेली नाही, भांडण झालेलं नाही, तोटाही नाही. माझं नाक गेलं आहे. अगदी पूर्ण नाही. मोगरा कळतो, फोडणीतला हिंग कळतो. पण खोबरं खवट व्हायला लागतं तेव्हाचा तो पहिला, साबणासारखा बारीक वास मला येईनासा झाला आहे. आणि वीस वर्षं आमच्या प्रत्येक घाण्याला शेवटचा होकार माझ्या नाकाचा होता.

मागच्या दिवाळीआधी गोडा मसाल्याचा चाळीस किलोंचा घाणा मी पास केला. सियागंजातून आलेल्या खोबऱ्यातल्या एका पोत्याला ओल लागलेली होती. सुक्या खोबऱ्यात चरबी भरपूर असते; ओल लागली की ती फुटते आणि साबणासारखी चव येते. अख्ख्या वाटीत ते वरून दिसत नाही. एक तुकडा तळहातावर चोळून वास घ्यायचा, मग चावून जिभेच्या मागच्या भागावर क्षणभर ठेवायचा, तिथे किंचित झोंबलं तर पोतं परत. मी चोळलं, हुंगलं, चावलं, आणि "चालेल" म्हटलं. ताज्या मसाल्यात लवंग, दालचिनी, दगडफूल यांचा वास इतका जोरकस असतो की खवटपणा त्याखाली दबून राहतो. दोन-तीन आठवड्यांनी वरचे वास निवतात आणि तो डोकं वर काढतो. तसंच झालं. ग्वाल्हेरच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला, "ताई, यंदा मसाल्याला खवट वास येतोय. रागावू नका, पण आमटी टाकून द्यावी लागली."

आम्ही तो सगळा घाणा परत मागवला आणि पैसे दिले. ते जड गेलं नाही. जड गेलं ते दुसऱ्या दिवशी कळलेलं. भाजणीवर बसणाऱ्या आमच्या सगळ्यात जुन्या मावशींना तो वास पोतं फोडतानाच आला होता. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "दीदी, आपने हाँ बोल दिया था ना."

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या जागी बसलेल्या माणसाच्या "चालेल"पुढे बाकी सगळे गप्प होतात, ती जागा चुकीची आहे, हे तेव्हा कळलं. मग माझं नाक चांगलं असो वा नसो.

त्यानंतरचे चार महिने मी निघायची तयारी केली. तयारीतलं पहिलं काम चवीचं, कारण गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न तोच असणार.

पाककृती कागदावर होतीच. कागदावर "खोबरं बदामी होईपर्यंत" असं लिहिलेलं, आणि बदामी म्हणजे नेमकं कुठपर्यंत ते माझ्या डोळ्यांत. आता भाजलेल्या खोबऱ्याचा, तिळाचा, धन्यांचा नमुना हवाबंद बरणीत ठेवला आहे. घाण्याचा रंग त्याच्याशी ताडून बघायचा आणि बरणी दर महिन्याला नवी भरायची. दगडफूल तेलावर किती वेळ परतायचं ते घड्याळ लावून मोजलं. पण एवढ्यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून तीन वाट्यांची परीक्षा लावली. पातळ वरण करायचं, त्यात चिंच-गूळ घालायचं नाही. एका पातेल्यात जुना, माझ्या हातचा मसाला, दुसऱ्यात नव्या माणसांनी माझ्याशिवाय केलेला. प्रत्येकापुढे सारख्या तीन वाट्या, दोन एका पातेल्यातल्या आणि एक दुसऱ्यातली. वेगळी कुठली ते ओळखायचं. नुसता अंदाज केला तरी तिघांत एक बरोबर येतो, म्हणजे बारा जणांत चार. बारांपैकी आठ किंवा जास्त जणांनी बरोबर ओळखलं तर फरक खरा धरायचा.

पहिल्या वेळी बारांपैकी नऊ जणांनी ओळखलं. चव बदलली होती. शोधलं तेव्हा कळलं की भाजणीच्या यंत्राचा ड्रम बंद केल्यावरही गरमच राहतो, त्यामुळे खोबरं आत पडून दोन छटा जास्त तांबूस होतं. कढईत मी ते लगेच परातीत ओतायचे, इथे ओतायला तीन-चार मिनिटं लागत होती. उपाय सोपा होता: आच आधी बंद करायची आणि खोबरं रंग धरायच्या आत बाहेर काढायचं. दुसऱ्या वेळी बारांपैकी पाच जणांनी ओळखलं. म्हणजे कुणाला खात्रीने फरक सांगता आला नाही.

दोन्ही वेळा मी तेरावी म्हणून बाजूला बसले होते, माझं उत्तर मोजायचं नाही असं ठरवून. पहिल्या वेळी नऊ जणांना जे कळलं ते मला कळलं नाही. मी चुकीच्या वाटीवर बोट ठेवलं. मनात काही शंका उरली असेल तर ती त्या वाटीने संपवली.

तेव्हा गिऱ्हाइकांना सांगते: आता मसाला पाच जण पास करतात. पाचांपैकी एकाने "नाही" म्हटलं तरी घाणा थांबतो आणि कारण वहीत लिहिलं जातं. पहिलं "नाही" जानेवारीत आलं, भाजणीच्या मावशींचंच. तीळ कडवट होता. पोतं परत गेलं.

दुसरं काम माझ्या फोनचं. हे मला आधी सुचलंच नव्हतं. डिसेंबरात आठ दिवस फोन बंद ठेवून ओंकारेश्वरला गेले, माझ्याशिवाय काय अडतं ते बघायला. मुद्दाम सात तारीख मध्ये येईल असा आठवडा निवडला, कारण सातच्या आत पगार व्हायला हवा. आणि पगारच अडला. बँकेचा ओटीपी माझ्या नंबरावर येत होता आणि मंजुरीचा अधिकार माझ्या एकटीचा होता. तेवीस घरांत पगार एक दिवस उशिरा पोचला. त्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली आहे, इथे पुन्हा मागते.

परवा पॅकिंगमधल्या एका मुलीने विचारलंच, "दीदी, आप चली जाओगी तो तनख्वाह पे साइन कौन करेगा?" तिला दिलेलं उत्तर सगळ्यांसाठी लिहिते. मंडळाचा ठराव होऊन बँकेत सही बदलली आहे. आता एकजण पगार भरते, दुसरी मंजूर करते आणि तिसरीला बदली म्हणून अधिकार आहे. फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये पगार असाच झाला, माझ्या बोटाशिवाय. जीएसटीच्या संकेतस्थळावरचा नंबर, ऑर्डरींचा फोन, वीजबिल, सगळं माझ्या नावावरून कंपनीच्या नावावर गेलं आहे. ऑर्डरीचा नंबर तोच आहे, फक्त उचलणारा आवाज माझा नसेल.

आणि नोकरीचं. मालकीण बदलली की नोकरी नव्याने मोजतात, अशी भीती दोघी-तिघींना आहे. इथे मालकीण नाही, कंपनी आहे, आणि कायद्यात ती वेगळी व्यक्ती आहे. संचालक येतात-जातात, कंपनी तीच राहते, म्हणून तुमच्या सेवेची वर्षं तुटत नाहीत. ग्रॅच्युइटीसाठी ज्यांची चार वर्षं झाली आहेत त्यांचं पाचवं वर्ष पहिल्यापासून सुरू होणार नाही. पीएफचा क्रमांकही तोच. पाकिटावरचा अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक कंपनीचा आहे, तोही बदलत नाही; जबाबदार व्यक्ती म्हणून माझ्या जागी दुसरं नाव कळवलं, एवढंच.

तिसरी गोष्ट वकिलांनी दाखवून दिली नसती तर राहूनच गेली असती. आमच्या मसाल्याचं नाव, ज्यावर लोक पाकीट उचलतात, ते कंपनीचं नव्हतंच. २००९ साली मी ते माझ्या स्वतःच्या नावावर नोंदवलं, तेव्हा कंपनीच नव्हती. ती २०१३ ची. इतकी वर्षं कंपनी माझं नाव माझ्या मर्जीवर वापरत होती. मी गेल्यावर ते वारसांकडे गेलं असतं, आणि उद्या त्यांना विकावंसं वाटलं असतं तर कंपनीला आपलंच पाकीट छापता आलं नसतं. म्हणून नाव आणि त्यामागची पत, दोन्ही कंपनीला लिहून दिली, मुद्रांक भरला आणि मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयात टीएम-पी अर्ज केला. मध्य प्रदेशाचं काम तिथेच चालतं. मुलाने साक्षीदार म्हणून सही केली, त्याचं मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट मी मुद्दाम सोडवून घेतली नाही. भाजणीच्या यंत्राच्या कर्जाला माझी वैयक्तिक हमी आहे. संचालकपद सोडल्याने ती आपोआप सुटत नाही, बँकेने लेखी मोकळं करावं लागतं. मी मागितलंच नाही. चौदा हप्ते उरले आहेत, तोवर माझं घर त्या कर्जामागे उभं आहे. कंपनीवर माझा विश्वास किती, असं कुणी विचारलं तर हे सांगा.

माझ्या जागी येणारी मुलगी अकरा वर्षांपूर्वी हिशेब लिहायला आली होती आणि तीन वर्षं संचालक आहे. खवट खोबऱ्याचा घाणा परत मागवायचा की नाही यावर मी एक तास घोटाळत बसले होते. तिने मला न विचारता दुकानदारांना फोन लावायला सुरुवात केली होती. माझे शेअर माझ्याकडे राहतील, पण एप्रिल ते जून मी कारखान्यात पाऊल टाकणार नाही. सवय मोडायला तेवढा वेळ लागेल, मलाही आणि त्यांनाही. डीआयआर-१२ वगैरे सरकारी कागद तीस दिवसांत ती भरेल.

उद्या साडेनऊला, पाळी सुरू व्हायच्या आधी, हे तोंडी सांगायचं आहे. बोलताना रडू येईल, तर येऊ दे.

आज पत्र दिल्यावर पहिला फोन ग्वाल्हेरच्या त्याच काकूंना केला. त्यांना हे दुसऱ्याकडून कळावं असं वाटत नव्हतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एप्रिलात नातवाची मुंज आहे. दोन किलो गोडा मसाला लागेल. पाठवाल ना?"

मी म्हटलं, "पाठवतील."