जेटचा वेग घेतला आणि विक्षोभ 22 तास आधी पोचला

मागच्या नोंदीतला ठोकताळा साफ फसला. तेहरानवरचा पश्चिमी विक्षोभ श्रीनगरला कधी पोचेल हे काढताना 200 हेक्टापास्कलचा, म्हणजे साधारण 12 किमी उंचीवरचा वारा घेतला होता. जेटच्या, म्हणजे त्या उंचीवरच्या वेगवान वाऱ्याच्या, गाभ्यात सेकंदाला 50 मीटर धरले तर 2,130 किमी अंतर 12 तासांत संपतं. एवढ्या वेगाने विक्षोभाचा ट्रफ, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, कधीच येत नाही.

चूक गृहीतकात आहे. हवा ट्रफमधून आरपार निघून जाते. ट्रफ हा लाटेचा आकार आहे, हवेचा गठ्ठा नव्हे. त्याला हाकतो तो खालचा, 500 हेक्टापास्कलच्या आसपासचा वारा. शिवाय अक्षांशानुसार कोरिऑलिस बदलत असल्यामुळे ही लाट वाऱ्याच्या उलट, पश्चिमेकडे सरकू पाहते. रॉसबीचं सूत्र हेच सांगतं. त्यात c लाटेचा वेग, U वाऱ्याचा वेग, L लाटेची लांबी आणि beta म्हणजे अक्षांशानुसार कोरिऑलिस बदलण्याचा दर:

```
c = U - beta / k^2,   k = 2*pi / L
```

500 वर U = 25 मीटर/सेकंद आणि लाटेची लांबी L = 4,000 किमी धरा. 32 अंश उत्तरेला beta 1.94e-11 येतो, त्यामुळे वजाबाकी सुमारे 8 आणि c = 17 मीटर/सेकंद, म्हणजे ताशी 62 किमी. प्रवास 34 तासांचा. आता कसं पटण्याजोगं वाटतं! याच वाऱ्यात L 7,000 किमी केली तर c जेमतेम 1 उरतो आणि ट्रफ जागीच ठाण मांडतो. नुसता वेगाचा नकाशा बघून हे कधीच कळणार नाही.

पडताळ्याला हॉवमोलर आलेख घ्या: आडवे रेखांश, उभा वेळ, रंग v चा, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणाऱ्या वाऱ्याचा. ट्रफच्या पश्चिमेला v ऋण, पूर्वेला धन. मधली शून्यरेषा तिरकी सरकते. वरच्या हिशोबाने 10 रेखांशांना 15 तास लागायला हवेत. डेटा 6 तासांचाच घ्या. 24 तासांत ट्रफ दीड हजार किमी जातो, मग कुठला ट्रफ कुठला हेच ओळखू येत नाही.

आलेख कोरा आला तर आधी ही ओळ तपासा:

```python
v = ds.v.sel(pressure_level=500, latitude=slice(37.5, 30)).mean("latitude")
```

ERA5 या हवामान-पुनर्विश्लेषणाच्या डेटात अक्षांश उतरत्या क्रमाने असतात. `slice(30, 37.5)` लिहिलं की निवड रिकामी होते, कुठलीही एरर येत नाही आणि सरासरी NaN. अख्खी संध्याकाळ खाणारी चूक आहे ही.

सूत्रात ओलावा नाही, लाटेची उत्तर-दक्षिण रुंदीही नाही. रुंदी घेण्याचाच पुढचा बेत होता, पण आलेखात वेगळंच दिसतंय: एक ट्रफ विरतो तेव्हा त्याच्या पूर्वेला नवा खोल होतो. ही समूहगती, म्हणजे लाटांची ऊर्जा पुढे सरकण्याचा वेग: U + beta/k^2, म्हणजे 33 मीटर/सेकंद, ट्रफच्या जवळपास दुप्पट. तेव्हा रुंदी राहू दे. आधी v चं एन्व्हलप, म्हणजे लाटांच्या तीव्रतेची बाह्यरेषा, काढून 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या महाराष्ट्रातल्या गारपिटीवर चालवून बघायचं.