ब्लँक कॉलचा रकाना

पणजीतल्या एका हेल्पलाइनवर मी स्वयंसेवक झाले. बाकीचं प्रशिक्षण सुरळीत झालं, पण नोंदीच्या फॉर्मने मला सात आठवडे रडवलं, आणि तो राग अजून गेलेला नाही.

'कॉलचा विषय' भरल्याशिवाय ते पान बंदच होत नसे. पर्याय होते कौटुंबिक, आरोग्य, पैसा आणि त्रासदायक. समोरून कुणी बोललंच नाही तर काय टाकणार? नवी मुलं 'त्रासदायक' टाकून मोकळी व्हायची. पण ती नोंद तीनदा पडली की नंबर आपोआप ब्लॉक व्हायचा. म्हणजे घरात कुणी शेजारी बसलंय म्हणून जिला तोंड उघडता येत नाही, तिचाच रस्ता आम्ही बंद करत होतो. समन्वयकांकडे मी चारदा गेले. दरवेळी एकच उत्तर, 'सिस्टीमचं काम आहे, बघू.' तोवर मी वहीत लिहीत राहिले. वेळ, कॉल किती चालला आणि कानावर काय पडलं तेवढंच. 'रडत होती' असं नाही, तर 'श्वास तुटक, दोनदा नाक ओढलं, मागे पत्र्यावर पाऊस'. ती वही मी बैठकीत पुढे ठेवली, तेव्हा कुठे 'आवाज नाही' हा रकाना आला. त्याचा मला अभिमान आहे.

असा कॉल आला की मी सावकाश सांगते, 'मी ऐकतेय. बोलता येत नसेल तर फोनवर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.' मग हो-नाहीत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न, 'आत्ता जवळ कुणी आहे का?' आणि थांबते. घाईने दुसरा प्रश्न विचारला तर टिचकी कुठल्या प्रश्नाची, तेच कळत नाही.

एका व्हॉइस नोटमध्ये नुसती खसखस होती, फोन बहुतेक पिशवीत असावा. मधे एकच शब्द आला, 'नाका'. मी पेडण्याची, पत्रादेवीचा चेकनाका रोजचा. मी बेधडक लिहिलं, 'बाई नाक्यावर आहे.' हेल्पलाइनवरच्या एका ताईंनी माझी नोंद न दाखवता दुसऱ्या मुलीला ऐकवलं. तिला ऐकू आलं 'म्हाका नाका', म्हणजे कोंकणीत 'मला नको'. कोंकणी घरातही बोलते मी, तरी कानाने ओळखीचंच पकडलं. आता आम्ही दोघी वेगवेगळ्या ऐकतो. दोघींचं जुळलं नाही तर 'अस्पष्ट' लिहून कितव्या सेकंदाला ते नोंदवतो. आवाज स्वच्छ करणारं अॅप वापरायचं तर प्रतीवर, कारण खसखशीबरोबर शब्दही पुसला जातो.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं, अशा नंबरवर आपण होऊन उलट फोन करायचा नाही. तिच्याकडे रिंग वाजली की शेजारी बसलेला विचारणार, कुणाचा फोन? व्हॉइस नोट पाठवणाऱ्या त्या बाईंनाही आम्ही एवढंच लिहिलं, 'आवाज नीट पोचला नाही.' हेल्पलाइनचं नाव नाही, काही नाही. दोन दिवसांनी त्यांचा दुसरा व्हॉइस नोट आला, त्यात त्या स्पष्ट कोंकणीत बोलल्या होत्या.