लाल शाई किती, ते मला दाखवा

*“बाई, प्रत्येक धड्याचा सारांश तुम्ही एका पानावर दिलाच आहे. मग सत्र परीक्षेआधी मुलांनी तेवढाच पाठ केला तर चालेल ना? आणि आम्ही घरी नक्की काय करून घ्यायचं?”*

नाही, चालणार नाही. ते पान पाठ करायला दिलेलंच नाही, धडा किती आठवतो ते तपासायला दिलंय.

पान हातात घेऊन बघा. डाव्या बाजूच्या अरुंद पट्टीत प्रश्न आहेत आणि उजवीकडे त्यांची थोडक्यात उत्तरं. मधल्या रेघेवर घडी घातली की उत्तरं मागे जातात. मग मुलानं वहीत निळ्या पेनानं, जेवढं आठवेल तेवढं लिहायचं. एखादा प्रश्न अडला तर जागा मोकळी सोडायची, घडी उघडायची नाही. सगळं लिहून झाल्यावर घडी उघडून चुकलेलं आणि राहिलेलं लाल पेनानं लिहायचं. एका धड्याला पंधरा मिनिटं पुरतात. हेच तीन दिवसांनी पुन्हा, आणि त्यानंतर आठवड्यानं पुन्हा. तिसऱ्या फेरीपर्यंत वेळ मिळावा म्हणून पानं परीक्षेच्या तीन आठवडे आधीच दिली आहेत.

मधले दिवस मुद्दाम ठेवलेत. थोडं विसरायला झालं, की आठवायला जोर लावावा लागतो, आणि त्या जोरानंच ते पक्कं होतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. घरी “आत्ता तर सगळं घडाघडा म्हणून दाखवलं!” असं आपण म्हणतो ना, ते त्या पाच मिनिटांतलं असतं.

मागच्या सत्रातली एक वही सांगते. धडा प्रकाशसंश्लेषणाचा. प्रश्न होता, “पर्णरंध्रांचं काम काय?” पहिल्या फेरीत मुलीनं लिहिलं, “सूर्यप्रकाश शोषून घेणे.” ते काम हरितद्रव्याचं. तिनं लाल पेनानं पानावरचं उत्तर उतरवलं: कार्बन डायऑक्साइड आत घेणे, ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ बाहेर सोडणे. तीन दिवसांनी तिनं ती जागा कोरी सोडली. मला त्याचा आनंद झाला, कारण निदान चुकीचं उत्तर गेलं होतं. मी तिला पुस्तकातली पानाच्या आडव्या छेदाची आकृती काढायला लावली. आकृती सारांशात नाही, त्यासाठी पुस्तकच उघडावं लागतं. रंध्र म्हणजे छिद्र, आणि छिद्रातून ये-जा होते, हे तिला काढता काढता दिसलं. तिसऱ्या फेरीत उत्तर बरोबर आलं, तेही तिच्या शब्दांत: “पानाच्या खिडक्या, वायू आत-बाहेर जायला.” परीक्षेत तिनं हे थोडं नीट शब्दांत लिहावं, पण समजलंय यात मला शंका उरली नाही.

बिघडतं कुठे, तर सुवाच्य अक्षरात. काही मुलं आख्खं पान सुंदर उतरवून काढतात, वर शीर्षकाला रंगही देतात. तासभर जातो आणि आठवण्याचं काम एकदाही होत नाही. पहिल्याच फेरीत लाल शाईचा ठिपकाही नसेल आणि उत्तरं पानावरच्या शब्दांशी जशीच्या तशी जुळत असतील, तर घडी उघडी होती असं समजा. रागवू नका. दोन दिवसांनी त्यातलेच दोन प्रश्न तोंडी, उलटसुलट विचारा. “पर्णरंध्रं बंद झाली तर काय होईल?” असा प्रश्न उतरवून काढलेल्याला अडतो.

तुमचं काम एवढंच: पान तुमच्या हातात धरा, प्रश्न वाचा आणि थांबा. मनात दहा अंक मोजा. आपल्याला राहवत नाही, “अगं, ते रे... प...” करत पहिलं अक्षर आपणच पुरवतो. तिथे आठवणं थांबतं आणि ओळखणं सुरू होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये पहिलं अक्षर पुरवायला कोणी नसतं.

गणिताच्या पानावर हे सगळं लागू नाही. तिथे सूत्रं आठवून लिहायची, पण त्यानंतर उदाहरणं सोडवावीच लागतात. भाषेच्या पानावर कवितेचा आशय आहे. कविता मात्र पुस्तकातूनच वाचायची.

दर सोमवारी वही पाठवा. मी गुण देणार नाही. वर्गात किती जणांचं तेच उत्तर लाल आहे ते मोजते आणि त्या आठवड्याचा उजळणीचा तास तिथून सुरू करते. त्यामुळे लाल शाई लपवायला म्हणून पान फाडून पुन्हा लिहून आणू नका, गेल्या वर्षी तसंही झालंय.